शेवटच्या रांगेतला ढोल

विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या माणसाची मान कायम पूर्वेला वळलेली असते. मंडईकडून काय येतंय ते त्याला बघायचं असतं. आधी ध्वज दिसतो, मग टोलगाडी, मग ताशे आणि ढोलांच्या पहिल्या दोन रांगा. पहिल्या रांगेत दिसायला नीटस आणि हाताने तयार मुलं असतात, हा काही योगायोग नव्हे. तिथवर बघून झालं की माणूस ‘वा’ म्हणतो. पाचवी-सहावी रांग समोरून जाते तेव्हा तो शेंगदाण्याच्या पुडीत बोटं घालून तळ शोधत असतो. आणि शेवटची रांग जाते तेव्हा मान पुन्हा पूर्वेला वळवून शेजारच्याला विचारत असतो, “दगडूशेठ किती वाजता येतोय हो?”

शेवटच्या रांगेचा फोटो मी अजून कुठल्याही वर्तमानपत्रात पाहिलेला नाही. फोटोवाले पुढून उलटे चालत असतात, त्यांना ती दिसतच नाही. पुढे घामेजलेल्या पाठी आणि मागे रथ ओढणारा ट्रॅक्टर, या दोहोंच्या मध्ये ती रांग दिवसभर वाजवत असते. माझी पुतणी त्या रांगेत होती, म्हणून ही रांग मला ठाऊक झाली.

कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असताना तिने घरात जाहीर केलं की ती ढोल पथकात जाणार. ढोल आठ-दहा किलोचा असतो आणि तो कमरेला बांधून तासन्‌तास उभं राहायचं असतं, हे कळल्यावर माझ्या भावाने तिच्या पाठीच्या मणक्यांची काळजी केली. वहिनीने परीक्षेची केली. आमच्या आईने मात्र, जिने सगळ्या मिरवणुका नात्यातल्या कुणाच्या तरी गॅलरीत उभं राहून पाहिल्या, चष्मा पुसत एवढंच विचारलं, “फेटा बांधायला मिळतो का गं?” मिळतो म्हटल्यावर प्रश्न निकालात निघाला.

आषाढात मुठेच्या काठी सराव सुरू झाला. या ढोलाला दोन तोंडं. एका बाजूला टिपरू मारायचं, तिथून तो खोल आवाज येतो जो कानांच्या आधी पोटात पोचतो. दुसऱ्या बाजूला उघड्या पंजाची थाप, तिथून कडक आवाज येतो. दोन्ही हातांनी दोन वेगळी कामं करायची आणि तोंडाने हसायचं, असा हा प्रकार. पथकात तालांना ‘हात’ म्हणतात. पहिला हात, दुसरा हात, असे ते शिकत जायचं. त्या दोन महिन्यांत आमच्या घरातला एकही सपाट पृष्ठभाग तिच्या हातून सुटला नाही. जेवणाच्या टेबलावर तिसरा हात बसला. पोळ्यांच्या डब्यावर चौथा. डब्याचं झाकण त्यानंतर कधी नीट लागलं नाही, पण हात पक्का झाला. बोटांना फोड आले, त्यावर चिकटपट्टी आली, पट्टीखाली पुन्हा फोड आले.

आणि एवढं करून तिला जागा मिळाली शेवटच्या रांगेत. नवीन पोरांना तीच मिळते.

मी त्या रांगेपाशी पोचलो तो दोरीमुळे. पथकाभोवती दोर धरून माणसं चालतात, हे बघणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. टिपरूचा हात मागे जातो, पुढे येतो, ढोल पोटापुढे असतो. त्यामुळे एका वादकाला पुढच्याच्या पाठीपासून अडीच-तीन मीटर जागा लागते. गर्दीला मात्र वाटतं की ही जागा आपल्याला नाचायला सोडली आहे. म्हणून दोर. तो धरायला वादकांचे मित्र, भाऊ, पथकात नुकतेच आलेले आणि कुणाचे तरी काका लागतात. “काका, दोरीला माणसं कमी पडतायत,” असं पुतणी आदल्या रात्री म्हणाली, आणि मी शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवून निवृत्त झालेला मनुष्य पांढरा झब्बा घालून शेवटच्या कोपऱ्यावर उभा राहिलो. कोपऱ्यावरच्या माणसाला दोन्ही बाजूंनी ओढलं जातं. पुढचे म्हणतात चला, मागचे म्हणतात थांबा, आणि कडेचे म्हणतात, “काका, एक मिनिट, फक्त लहान मुलीला पलीकडे न्यायचंय,” आणि त्या लहान मुलीमागून अकरा माणसं जातात.

पहिला तास बरा गेला. मग पुढून निरोप आला. पथकप्रमुख, ज्याला सगळे नुसतं ‘दादा’ म्हणतात, तो रांगांमधून वाट काढत मागे आला आणि कानापाशी तोंड नेऊन ओरडला, “मागचे रेंगाळताय! उशिरा पडतोय ठोका!”

पुतणीचा चेहरा पडला. मी तिच्यापासून चार हातांवर होतो आणि शपथेवर सांगायला तयार होतो की तिचा ठोका ताशावर चोख पडत होता. ताशाचा आवाज आमच्यापर्यंत यायचा आणि त्याच क्षणी तिचा हात खाली यायचा. तिच्या रांगेतल्या पाचही जणांचा यायचा. दादा पुढे गेला. थोड्या वेळाने पुन्हा आला. पुन्हा तेच. आता रांगेतला एक मुलगा चिडून म्हणाला, “पुढचेच पळतायत!”

घराघरांत असे वाद होतात आणि तिथे कुणीतरी एक चुकलेला असतो. इथे कुणीच चुकलं नव्हतं. ते लक्षात यायला मला विजय टॉकीजच्या अलीकडचा एक लांबलचक खोळंबा लागला.

हिशेब सोपा आहे. आमच्या पथकात साठ ढोल होते, पाच-पाचच्या बारा रांगा. लक्ष्मी रस्त्यावर दोन्ही बाजूंना माणसं उभी असताना याहून रुंद रांग मावत नाही. रांगेमागे रांग तीन-तीन मीटरवर, आणि सगळ्यांत पुढे ताशे, थोडं अंतर सोडून. म्हणजे पहिल्या ताशापासून शेवटच्या ढोलापर्यंत चाळीस मीटर. आवाज हवेतून सेकंदाला साधारण साडेतीनशे मीटर जातो. वीज आधी दिसते आणि गडगडाट मागून येतो, हा धडा मी तीस वर्षं शिकवला. तो लक्ष्मी रस्त्यावर लागू पडेल असं काही कधी वाटलं नव्हतं. चाळीस मीटर यायला ताशाच्या आवाजाला सेकंदाचा जवळपास नववा भाग लागतो. शेवटची रांग तो ऐकून त्याच क्षणी वाजवते. तिच्या दृष्टीने ठोका चोख आहे. पण तिचा आवाज पुढे ताशेवाल्याच्या कानापर्यंत जायला पुन्हा तेवढाच वेळ लागतो. म्हणजे ताशेवाल्याला मागचा ढोल सव्वादोन दशांश सेकंद, पाव सेकंदाच्या जवळपास, उशिरा ऐकू येतो.

पाव सेकंद म्हणजे काय मोठं, असं वाटेल. पण मिनिटाला एकशेवीस ठोके असा मध्यम वेग धरला तर दोन ठोक्यांमध्ये अर्धा सेकंद असतो. मागच्यांचा ढोल पुढच्याला जवळजवळ दोन ठोक्यांच्या मधोमध ऐकू येतो. याहून वाईट जागा नाही. थोडं उशिरा असतं तर सैल म्हणून चाललं असतं. हे थेट आडव्या ठोक्यासारखं लागतं. दादाला वाटणार मागचे झोपलेत. मागच्यांना वाटणार पुढचे पळतायत. आणि कडेला उभा असलेला शेंगदाणेवाला रसिक, ज्याच्यासमोर सहावी रांग आहे, त्याला दोन्हीकडून थोडा थोडा घोळ ऐकू येणार आणि तो म्हणणार, “पूर्वीसारखं वादन राहिलं नाही.”

यातून पुढचा धोका असा की ज्याचा स्वभाव भला असतो तो मागच्याची वाट बघायला लागतो. ताशेवाल्याने मागचा ठोका ऐकून तेवढंसं थांबायचं ठरवलं की मागचे त्या थांबण्यावर थांबतात, मग तो आणखी थांबतो, आणि दहा-पंधरा आवर्तनांत लय खाली बसते. म्हणून ताशेवाल्याने मागचं ऐकायचंच नसतं. चांगला ताशेवाला या बाबतीत निर्दय असतो. तो दोन काड्यांनी तर्री धरून चालत राहतो. मागे काय चाललंय याची त्याला दखल नसते. मला पूर्वी ही मुलं जरा शिष्ट वाटायची. आता वाटतं, तो शिष्टपणा त्या वाद्याची गरज आहे.

हा घोळ खरं तर रस्त्याने केलेला आहे. मुळशी-मावळाकडच्या गावांत ढोल वाजायचा तो देवळासमोर, रिंगण करून. साठ माणसं गोल उभी राहिली आणि ताशा मधे असला तर ताशापासून कुठलाही ढोल आठ-दहा मीटरच्या पलीकडे जात नाही. आवाजाला सेकंदाच्या तिसाव्या भागाचाही उशीर होत नाही आणि सगळे एकमेकांचे हात बघू शकतात. हे ढोल शहरात आले, शाळाशाळांची पथकं झाली (ज्ञान प्रबोधिनी आणि रमणबाग ही नावं त्यात आधी घेतली जातात), मग प्रत्येक पेठेचं आणि उपनगराचं पथक झालं. वाद्यं तीच, हात बरेचसे तेच, फक्त ते रिंगण पेठेतल्या रस्त्यात घालून लांब ओढलं गेलं. म्हणूनच पथकं चौकात थांबून स्थिरवादन करतात तेव्हा एकदम जान येते. प्रेक्षकांना वाटतं चौकात मुलांना चेव चढतो. चढतोच. पण त्याबरोबर ती जवळजवळ उभी असतात, हेही आहे.

यावरचे उपाय पथकांना कुणी भौतिकशास्त्र न शिकवता सापडलेले आहेत. एक म्हणजे ताशे सगळे पुढे ठेवायचे नाहीत. काही मधे आणायचे. मधल्या ताशापासून दोन्ही टोकं वीस मीटरवर येतात आणि उशीर निम्मा होतो. दुसरा उपाय जास्त महत्त्वाचा: कानाने वाजवायचं नाही, डोळ्याने वाजवायचं. पुढच्याचं टिपरू वर गेलं की आपलं वर, त्याचं खाली की आपलं खाली. प्रकाशाला चाळीस मीटरचा काही उशीर होत नाही. दादा उलटा चालत दोन्ही हात उंच धरून जे काही करत असतो ते प्रेक्षकांना जोशाचं प्रदर्शन वाटतं, पण तो मागच्या रांगांना ठोका दाखवत असतो. त्याची शिट्टी मात्र निरुपयोगी. तीही चाळीस मीटर चालत येते.

हे सगळं मी विजय टॉकीजपाशी पुतणीला ओरडून सांगितलं. तिच्या दोन्ही कानांत कापूस होता. तिने मान डोलावली आणि विचारलं, “पाणी?”

पण पाणी पिता पिता तिला मुद्दा कळला असावा, कारण नंतर ती आवाजाकडे दुर्लक्ष करून पुढच्या रांगेतल्या मुलीच्या उजव्या कोपराकडे टक लावून वाजवू लागली. पुढची मुलगी तिच्या पुढच्याकडे. दादाने तिसऱ्यांदा मागे येऊन आंगठा वर केला. त्याला वाटलं त्याच्या ओरडण्याचा उपयोग झाला.

मग गुलाल आला.

पुण्यात गुलालाचं प्रमाण मंडळागणिक वेगळं असतं. काहींनी तो सोडून फुलं धरली आहेत. मानाचा तिसरा, गुरुजी तालीमचा गणपती तर गुलालासाठीच ओळखला जातो. त्या मिरवणुकीच्या मागून चालणारी माणसं घरी गेल्यावर आधी कोण ते ओळखावं लागतं. आमचं मंडळ लहान, पण त्याला गुलालाचा शौक मोठा. गुलाल म्हणजे बहुतेक वेळा पिष्टाची बारीक भुकटी आणि तिला चढवलेला रंग. भुकटी जितकी बारीक तितकी ती हवेत जास्त वेळ तरंगते, आणि स्वस्त गुलालात रंग कुठला असतो ते विचारू नये, कपडे धुताना कळतं. रथावरच्या कार्यकर्त्याने अख्खं पोतं उलटं केलं तेव्हा वारा पश्चिमेला, म्हणजे आमच्या चालीच्या दिशेने होता. रथ आमच्या मागे. ते सगळं शेवटच्या तीन रांगांवर आलं.

आता विचार करा. कान कुचकामी म्हणून डोळ्यांवर सोपवलेलं काम, आणि डोळ्यांसमोर गुलाबी भिंत. पुढची मुलगी दिसेना. तिचं कोपर दिसेना. मला माझ्या हातातला दोर दिसेना. तीन रांगा पुन्हा कानावर आल्या आणि पुन्हा मागे पडल्या. घोळ कसा ओळखायचा हे मला तोवर कळलं होतं. एक ठोका एकच ऐकू येत असतो तोवर सगळं ठीक. तोच ठोका दुहेरी व्हायला लागला, ‘धम्म’ ऐवजी ‘ध-धम्म’, की रांग सुटलेली आहे. तो दुहेरीपणा चार आवर्तनांत उघड झाला. घाम आणि गुलाल मिळून टिपरूवर चिखल झालेला, ते हातातून निसटत होतं, ही त्यात भर.

दादाने जे केलं त्याला मी पूर्ण गुण देतो. तो आमच्याकडे धावला नाही, ओरडला नाही. त्याने दोन्ही हात डोक्यावर नेऊन मुठी बंद केल्या. मागच्या रांगांनी, ज्यांना दिसलं त्यांनी, वादन थांबवलं; ज्यांना दिसलं नाही त्यांनी शेजारचा थांबला म्हणून थांबवलं. पुढच्या रांगांना त्याने चालू ठेवलं, पण हळू. गुलाल खाली बसू दिला. मग टोलावर एकट्याने चार ठोके, आणि मागच्यांनी पाचव्यावर उचलायचं. टोल जाड धातूचा, त्याचा आवाज ढोलांच्या गर्दीतूनही वेगळा ऐकू येतो. पण दादाने टोलवाल्याला हात खांद्यापासून उंच उचलून मारायला सांगितलं होतं, ते बघण्यासाठी. मागच्यांनी पाचव्यावर उचललं आणि ‘धम्म’ पुन्हा एकच झाला.

पुतणीने स्वतःचा एक उपाय शोधला होता तो तिने नंतर सांगितला. गुलाल माणसांच्या उंचीवर दाट असतो आणि वर विरळ. पुढच्या मुलीच्या फेट्याचा तुरा त्याच्या वर निघत होता. प्रत्येक थापेला तो तुरा एकदा हलायचा. ती तुऱ्यावर वाजवत होती.

आईला ही गोष्ट सांगितली तेव्हा ती म्हणाली, “मी म्हटलंच होतं फेटा पाहिजे.”

पाऊस आला असता तर आणखी एक प्रकार झाला असता. चामड्याचं पान ओलसर झालं की सैल पडतं आणि ढोल भद्द बोलतो; मग थांबून दोऱ्या ओढायच्या, ढोल ताणायचा, ताशा जाळावर शेकायचा. हल्ली बऱ्याच पथकांत फायबरची पानं आली आहेत, त्यांना पावसाचं काही वाटत नाही. त्यांचा आवाज मला करकरीत वाटतो. जुन्या वादकांनाही वाटतो. पण भर पावसात टिळक चौकाच्या शंभर मीटर अलीकडे पान फुटल्यावर काय होतं हे ज्यांनी अनुभवलंय त्यांच्यापुढे मी हा मुद्दा ताणत नाही.

आवाजाबद्दल मात्र बोललंच पाहिजे, कारण मी चार हातांवर होतो. ढोलांच्या गर्दीत शंभर डेसिबल ही काही विशेष गोष्ट नाही. कानांच्या बाबतीत एक जगभर वापरला जाणारा हिशेब असा की 85 डेसिबल आठ तास सोसावा आणि त्यापुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा करत जावा. शंभराला येईपर्यंत पंधरा मिनिटं उरतात. दोर धरणाऱ्याची पाळी पंधरा मिनिटांची नसते. कापसाने फारसं काही अडत नाही. औषधाच्या दुकानात मऊ फोमचे बोळे मिळतात, ते बोटांनी दाबून बारीक करून कानात सरकवायचे, तिथे ते फुगतात. पुतणीला मी ते आणून दिले. ती म्हणते त्याने ताशा जास्त स्पष्ट कळतो, आणि मला तसं वाटत नसलं तरी तिने ते घालावेत म्हणून मी मान्य करतो.

2024 च्या ऑगस्टअखेर हरित लवादाने पुण्यातल्या ढोल-ताशा पथकात तीसपेक्षा जास्त माणसं नकोत असं म्हटलं आणि ऐन गणपतीत, सप्टेंबरमध्ये, सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. तेव्हा सगळे संस्कृती आणि आरोग्य यांवर भांडत होते. मी कागदावर रांगा मोजत बसलो. तीस माणसांचं पथक म्हणजे रांगा निम्म्या, लांबी निम्मी आणि पुढच्या-मागच्यांचं भांडणही निम्मं. वादन नक्की जुळून आलं असतं. पण आवाजाचं म्हणाल तर साठाचे तीस ढोल केले की डेसिबल तीनने उतरतो, आणि तीनाचा फरक चौकात उभ्या माणसाच्या कानाला जेमतेम जाणवतो. आवाज कमी करायचा तर ढोल मोजण्यापेक्षा तास मोजावेत आणि दवाखान्यापासूनचं अंतर मोजावं. हे माझं मत आहे. पथकात ते कुणाला पूर्ण आवडलं नाही आणि आमच्या इमारतीतल्या, कानाला यंत्र लावणाऱ्या आजोबांनाही नाही. ते विसर्जनाच्या दिवशी यंत्र काढून ठेवतात आणि शांतपणे दूरदर्शनवर मिरवणूक बघतात.

दूरदर्शनवरून आठवलं. थेट प्रक्षेपण काही सेकंद मागे असतं. आमचे एक नातेवाईक लक्ष्मी रस्त्यावरच राहतात. त्यांच्या खिडकीखालून पथक जात असतं आणि आत पडद्यावर तेच पथक अजून चौकात यायचं असतं. मावशी आतल्या खोलीतून ओरडतात, “अरे, आता येतील बघ!” खिडकीतले लोक म्हणतात गेले. मावशींचा विश्वास पडद्यावर. चाळीस मीटरच्या उशिरावरून ज्यांची भांडणं होतात त्यांनी हे घर एकदा बघावं.

वेग हा मिरवणुकीचा मुद्दाच नसतो हे दोर धरल्यावर कळतं. मंडईपासून टिळक चौकापर्यंतचं अंतर धड दोन किलोमीटरही नाही. मानाचा पहिला कसबा गणपती सकाळी मंडईतून निघतो आणि पोचेपर्यंत दुपार कलते. पुढची चार मानाची मंडळं, मग बाकीची शेकडो, आणि दुसऱ्या दिवशीची दुपारही त्यात जाते. पोलिस सारखे ‘पुढे चला’ म्हणतात. सगळे ‘हो’ म्हणतात. पुढचं मंडळ हललेलं नसतं म्हणून आपण हलत नाही. ते हलतं तेव्हा आपलं आवर्तन चालू असतं, आणि तिसऱ्या हाताच्या मध्यावर कुणी पाऊल उचलत नाही. आवर्तन संपेपर्यंत पुढे पन्नास मीटर रस्ता मोकळा होतो. मग पथक जवळजवळ पळतं, दोर ताणला जातो, कोपऱ्यावरचा काका हवेत येतो.

टिळक चौकात अलका टॉकीजसमोर आलो तेव्हा मला वाटलं माझे कान गेले. ढोल एकदम लहान झाले. मागे लक्ष्मी रस्त्यावर दोन्ही बाजूंच्या इमारती आवाज धरून ठेवतात, भिंतींवरून तो परत परत आपल्याकडे येतो. चौकात रस्ते फुटतात, वर आभाळ उघडं, आवाज निघून जातो. साठ ढोल तेच, हात तेच. मुलांनाही ते जाणवतं. ती आणखी जोरात मारतात आणि तिथेच पानं फुटतात. पण त्याच चौकात दादाने रिंगण केलं. बारा रांगा वळल्या, गोल झाल्या आणि शेवटची रांग अचानक ताशाच्या समोर आली. पुतणीला पहिल्यांदा ताशेवाल्याचा चेहरा दिसला. तोही पहिल्यांदा तिच्याकडे बघत होता, कारण ती नखशिखान्त गुलाबी होती.

ढोल टेम्पोत चढवताना मी दोराची गुंडाळी करत होतो. दादा आला, पाणी दिलं, म्हणाला, “काका, मागचे शेवटी शेवटी मस्त वाजवत होते. पुढच्या वर्षी हिला ताशाला घेतो.” मी त्याला चाळीस मीटरचा हिशेब सांगायला तोंड उघडलं. पुतणीने माझ्या कोपराला धरून मला बाजूला ओढलं.

“काका, नको ना आता.”

“अगं, पण तू पुढे गेलीस की तुला मागचा ढोल उशिरा ऐकू येईल. ते नीट लक्षात ठेव. नाहीतर तू त्यांची वाट बघायला लागशील.”

“मी कशाला वाट बघू?” ती फेटा सोडत म्हणाली. “त्यांना सांग, तुरा बघा म्हणावं.”